नोट ते शेअर: २५ लाखांची कन्व्हर्टिबल नोट, तिची कॅप, डिस्काउंट आणि रूपांतर

एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या एका स्टार्टअपला आम्ही दोघा गुंतवणूकदारांनी प्रत्येकी २५ लाख रुपये कन्व्हर्टिबल नोटवर दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीचा पुढचा राउंड झाला, म्हणजे नव्या गुंतवणूकदाराने ठरलेल्या भावाने पैसे घातले, आणि नोटचे शेअर झाले. मधल्या काळात काय काय करावं लागलं, मसुद्यातल्या कोणत्या ओळींनी शेअरची संख्या ठरवली आणि कुठे अडलं, हे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच नोट हातात घेणाऱ्याला ती आठ पानं वाचताना सगळंच सारख्या महत्त्वाचं वाटतं. खरं तर तीन-चार कलमंच पैसा ठरवतात.

नोट म्हणजे सुरुवातीला कर्ज. पैसे आज द्यायचे, कंपनीची किंमत आज ठरवायची नाही. पुढे मोठा गुंतवणूकदार येऊन किंमत ठरवेल तेव्हा आपल्या रकमेचे शेअर करायचे, आणि आधी जोखीम घेतली म्हणून ते त्याच्यापेक्षा स्वस्तात घ्यायचे. हे स्वस्तात घेणं दोन वाटांनी होतं. एक डिस्काउंट, म्हणजे नव्या भावावर ठरावीक टक्के सूट. दुसरी व्हॅल्युएशन कॅप, म्हणजे नवी किंमत कितीही वर गेली तरी आपल्यापुरती ती एका मर्यादेच्या वर धरायची नाही. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. दोन्ही भाव काढायचे आणि जो कमी असेल त्याने शेअर घ्यायचे.

बोलणी जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली. किंमत ठरवण्याआधी वकिलाने जे विचारलं ते वेगळंच होतं: कंपनीला केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी विभागाची स्टार्टअप मान्यता आहे का? प्रमाणपत्र आलं आहे की नुसता अर्ज केला आहे? खासगी कंपनीने बाहेरच्या माणसाकडून घेतलेली रक्कम एरवी ‘ठेव’ ठरू शकते आणि ठेवींचे नियम फार कडक आहेत. कन्व्हर्टिबल नोटला त्यातून सूट आहे, पण अटींसह. कंपनी मान्यताप्राप्त स्टार्टअप हवी, रक्कम एका व्यक्तीकडून किमान २५ लाख हवी, ती एकाच हप्त्यात यायला हवी आणि नोट दहा वर्षांच्या आत फेडली किंवा शेअरमध्ये बदलली गेली पाहिजे. (२०२० पर्यंत ही मर्यादा पाच वर्षांची होती. जुने मसुदे अजून फिरत असतात, त्यांत पाचच दिसतील.)

‘एकाच हप्त्यात’ ही अट शब्दशः घ्यायची. आज १५ लाख आणि पुढच्या महिन्यात १० लाख हे चालत नाही. मित्रांनी मिळून पाच-पाच लाख काढून २५ करणंही चालत नाही, कारण रक्कम एका व्यक्तीकडून यायला हवी. व्यवहारात अडतं ते बँकेपाशी. नेट बँकिंगची दिवसाची मर्यादा कमी असते आणि नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिले काही तास आणखी बंधनं असतात. म्हणून शाखेत जाऊन आरटीजीएस करणं बरं. पावतीवर पूर्ण रक्कम एका ओळीत दिसते आणि तीच पुढे पुरावा म्हणून लागते.

मसुदा फेब्रुवारीत आला. त्यात आठ टक्के व्याज होतं, ते रूपांतराच्या वेळी मुद्दलात मिळवून त्याचेही शेअर मिळणार होते. वाचायला छान वाटतं. पण २५ लाखांवर वर्षाला दोन लाख व्याज म्हणजे कंपनीने ते आपल्या वह्यांत जमा केलं की दहा टक्के टीडीएस सरकारात भरायचा. आपल्या हातात रुपया आलेला नसताना दोन लाखांचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं. शिवाय शेअर दोन लाखांच्या व्याजाचे द्यायचे की टीडीएस वजा जाता एक लाख ऐंशी हजारांचे, यावर शेवटच्या आठवड्यात वाद होतो, कारण मसुद्यात ते लिहिलेलंच नसतं. आम्ही व्याज काढून टाकायला तयार झालो आणि बदल्यात कॅप नऊ कोटींवरून आठ कोटींवर आणून घेतली. व्यक्ती म्हणून गुंतवणूक करणाऱ्याला हा सौदा बहुतेक वेळा चांगला पडतो. आपल्या कंपनीच्या नावाने पैसे देणार असाल तर मात्र बिनव्याजी देण्याआधी सीएला विचारा. एका कंपनीने दुसरीला दिलेल्या कर्जाच्या व्याजदरावर कंपनी कायद्याच्या कलम १८६ ची अट येते.

शेवटी अटी अशा ठरल्या: कॅप आठ कोटी प्री-मनी, डिस्काउंट २० टक्के, मुदत तीन वर्षे आणि किमान तीन कोटींचा नवा राउंड झाला की आपोआप रूपांतर. कंपनीचे संस्थापकांकडे ९०,००० शेअर होते आणि कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेला ईसॉप पूल १०,००० शेअरचा होता.

आता सगळ्यात महत्त्वाची ओळ. कॅप आठ कोटी, हे ऐकून बोलणी संपल्यासारखी वाटतात. पण कॅपवरून शेअरचा भाव काढायला आठ कोटींना शेअरच्या संख्येने भागावं लागतं. कोणत्या संख्येने? मसुद्यात ‘भरणा झालेले शेअर’ असं लिहिलं होतं. म्हणजे ९०,०००. भाव आला ८८८.८९ रुपये आणि २५ लाखांत २,८१२ शेअर. ईसॉप पूल धरून भागलं तर संख्या एक लाख, भाव ८०० आणि शेअर ३,१२५. पुढच्या राउंडच्या निमित्ताने पूल वाढेल, तोही धरला तर भाव आणखी उतरतो. कॅपचा आकडा तोच, पण शेअरमध्ये तीनशेपेक्षा जास्त फरक. या एका व्याख्येवर आमचा मार्च महिना गेला. संस्थापकांनी सध्याचा पूल धरायला होकार दिला, पुढची वाढ धरायला नकार. त्यांचं म्हणणं अवाजवी नव्हतं: पूल किती वाढवायचा हे नवा गुंतवणूकदार ठरवणार, त्याची किंमत आम्ही दोनदा का मोजायची? आम्ही ते मान्य केलं आणि सध्याच्या पूलसह एक लाख शेअर ही व्याख्या कायम झाली.

आणखी एक शब्द तपासून घ्यावा, कॅप प्री-मनी आहे की पोस्ट-मनी. आमच्यासारख्या प्री-मनी कॅपमध्ये आठ कोटी ही नोटांचे शेअर धरण्याआधीची किंमत असते. दोघांचे मिळून ६,२५० शेअर वाढले की एकूण १,०६,२५० होतात आणि प्रत्येकाचा वाटा २.९४ टक्के राहतो. कंपनीने आमच्यानंतर आणखी नोटा विकल्या असत्या तर तो आणखी घटला असता. पोस्ट-मनी कॅपमध्ये वाटा थेट २५ लाख भागिले आठ कोटी, म्हणजे ३.१२५ टक्के, आणि नवा राउंड येईपर्यंत तो नोटांच्या गर्दीने हलत नाही. संस्थापकांना पहिली पद्धत सोयीची, गुंतवणूकदाराला दुसरी. प्री-मनी घ्यायची असेल तर एकूण किती रकमेच्या नोटा काढता येतील याची कमाल मर्यादा लिहून घ्यावी. आम्ही ती ७५ लाखांवर बांधून घेतली.

कागदपत्रांचा क्रम मात्र उलटा करू नये. कर्जाचे शेअर करण्याचा हक्क देणाऱ्या अटींना भागधारकांच्या सभेत आधी विशेष ठराव लागतो. पैसे आल्यावर मंजुरी घेतली तर ती चालत नाही. सभेला २१ दिवसांची सूचना लागते, भागधारकांची संमती असेल तर कमी दिवसांत घेता येते. संस्थापकच भागधारक असल्याने ती संमती लगेच मिळाली. ३ एप्रिलला ठराव झाला आणि १० एप्रिलला पैसे गेले. हा ठराव कंपनी निबंधकाकडे नोंदवणारा एमजीटी-१४ फॉर्म ठरावापासून ३० दिवसांत भरायचा असतो, त्याची सरकारी फी काहीशे रुपयेच आहे. खर्च झाला तो वकिलावर, दोघांत मिळून ४५,००० रुपये आणि वर जीएसटी. मुद्रांक शुल्क किती, हे करार कसा लिहिला आहे यावर ठरतं, म्हणून सही करण्याआधी वकिलाकडून ते लेखी घ्यावं. कंपनीकडून ठरावाची प्रत आणि एमजीटी-१४ ची पोचपावती मागून ठेवा. रूपांतराच्या वेळी या दोन कागदांशिवाय काम पुढे सरकत नाही.

दुसरे गुंतवणूकदार न्यू जर्सीत राहतात आणि पैसे परत तिकडे नेता येतील अशा पद्धतीने त्यांना गुंतवायचे होते. त्यांच्या नोटसाठी कंपनीने रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर ३० दिवसांत फॉर्म सीएन भरायचा असतो. त्याला पैसे आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र आणि पाठवणाऱ्याच्या बँकेचा केवायसी अहवाल लागतो. उशीर होतो तो या केवायसी अहवालाने, कारण तो परदेशी बँकेकडून इथल्या बँकेकडे यायचा असतो आणि मधे कोणाचीच घाई नसते. पैसे पाठवायच्या दिवशीच त्याची मागणी नोंदवावी. मुदत उलटली तर विलंब शुल्क ७,५०० रुपयांपासून सुरू होतं आणि ते शुल्क भरून प्रकरण नियमित होईपर्यंत पुढच्या परकीय गुंतवणुकीची कागदपत्रं अडू शकतात.

त्यानंतर वर्षभर वाट पाहणं. या काळात गुंतवणूकदार भागधारक नसतो. सभेची सूचना येत नाही, मत नसतं, ताळेबंद मागण्याचा कायद्याने हक्क नसतो. म्हणून तिमाही आकडे आणि नव्या नोटांची माहिती देण्याचं कलम नोटमध्येच हवं. आमच्यात होतं आणि दर तिमाहीला एक पान यायचं. वर्षातून एकदा आणखी एक गोष्ट पाहायची: ३१ मार्चला नोट उभी असेल तर कंपनीने ३० जूनपर्यंत डीपीटी-३ या वार्षिक फॉर्ममध्ये ती रक्कम ‘ठेव नसलेली’ म्हणून दाखवायची असते. ती भरल्याची पावती मागायला संकोच करू नये.

रूपांतर कशाने होतं, हे कलम शांतपणे वाचायचा काळही हाच. आमच्या नोटमध्ये तीन घटना होत्या. पहिली, तीन कोटींचा राउंड. दुसरी, मुदत संपणं: कंपनीने पैसे परत करायचे, किंवा आम्ही म्हटलं तर कॅपच्या भावाने शेअर द्यायचे. मुदतीच्या दिवशी स्टार्टअपकडे परत द्यायला पैसे नसतात, हे गृहीत धरून या कलमाची किंमत करावी. परतफेडीचा हक्क हातात असतो तो नव्या अटी मागण्यासाठी. तिसरी घटना, राउंडआधीच कंपनी विकली जाणं. तेव्हा मुद्दल किंवा कॅपच्या भावाने होणाऱ्या शेअरची किंमत, यांत जे जास्त ते. आमच्या आकड्यांत कंपनी सहा कोटींना विकली गेली असती तर २.९४ टक्क्यांचे साधारण १७ लाख ६५ हजार होतात. मुद्दल २५ लाख घेणं शहाणपणाचं. वीस कोटींना गेली असती तर तेच शेअर जवळजवळ ५९ लाखांचे. पारडं साडेआठ कोटींना फिरतं. हे कलम नसेल तर विक्रीच्या वेळी नोटधारकाला नुसतं मुद्दल देऊन वाटेला लावता येतं, आणि ते कराराला धरूनच असतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये एका भारतीय फंडाची टर्म शीट, म्हणजे प्रस्तावित अटींचा कागद, आली. प्री-मनी १२ कोटी, नवी रक्कम तीन कोटी. ईसॉप पूल १५,००० शेअरने वाढवायचा आणि ही वाढ व नोटांचे शेअर दोन्ही १२ कोटींच्या आत धरायचे. रक्कम दोन हप्त्यांत येणार होती: १ कोटी ८० लाख आता आणि १ कोटी २० लाख ठरलेलं काम पूर्ण झाल्यावर.

पहिला प्रश्न उठला तो हप्त्यांवरून. ‘किमान तीन कोटींचा राउंड’ यात करार झालेली रक्कम मोजायची की खात्यात आलेली? खात्यात आलेली धरली तर पहिल्या हप्त्याला रूपांतर होत नाही, आणि फंड तर नोटा उभ्या ठेवून पैसे द्यायला तयार नव्हता. आमच्या कलमात ‘एकाच कराराखाली, एक किंवा अधिक हप्त्यांत’ असे शब्द असल्याने प्रश्न मिटला. नसते तर नोटधारकांच्या बहुमताने संमती घ्यावी लागली असती. बहुमत रकमेवर मोजतात, आणि दोघांची रक्कम सारखी म्हणजे दोघांचीही सही. एक जण न्यू जर्सीत झोपलेला असताना ती मिळवणं किती जिकिरीचं होतं, हे नुसत्या वेळापत्रकावरूनच कळतं. आणि हो, तीन कोटींत नोटांची रक्कम धरायची नाही, फक्त नवे पैसे मोजायचे, हेही लिहिलेलं हवं.

मग भाव. ढोबळ हिशेब असा असतो: २० टक्के डिस्काउंट आणि आठ कोटींची कॅप असेल तर पारडं दहा कोटींना फिरतं, कारण दहा कोटींवर २० टक्के सूट म्हणजे आठ कोटी. राउंड दहाच्या वर तर कॅप फायद्याची, खाली तर डिस्काउंट. इथे १२ कोटी, म्हणजे कॅपच लागणार असं सगळ्यांनी धरलं होतं. कंपनीच्या पहिल्या तक्त्यात ८०० रुपये भाव आणि आम्हाला ३,१२५ शेअर दाखवले होते.

हा ढोबळ हिशेब फक्त तेव्हाच खरा असतो, जेव्हा दोन्ही भाव काढताना भागायची शेअरसंख्या एकच असते. कॅपसाठी आमची संख्या होती एक लाख. नव्या भावासाठी मात्र १२ कोटींना भागायचं होतं जुने एक लाख, पूलची वाढ १५,००० आणि नोटांचे शेअर या सगळ्यांच्या बेरजेने. यात एक चक्र आहे: नवा भाव नोटांच्या शेअरवर अवलंबून आणि नोटांचे शेअर नव्या भावावर. स्प्रेडशीटमध्ये थेट सूत्र घातलं तर ते स्वतःलाच शोधत फिरतं. पण समीकरण मांडलं की सुटतं. नोटांचे एकूण शेअर N आणि नवा भाव P धरा:

```
P = 120000000 / (115000 + N)
N = 5000000 / (0.8 × P)
```

दुसऱ्यात पहिलं घातलं की N येतो साधारण ६,३१८.७ आणि P ९८९.१३ रुपये. त्याच्या ८० टक्के म्हणजे ७९१.३० रुपये. कॅपच्या ८०० पेक्षा कमी! म्हणजे कॅप नव्हे, डिस्काउंट लागू होतो आणि प्रत्येकाला ३,१५९ शेअर मिळतात. पूलच्या वाढीने फंडाचा भाव इतका खाली ओढला की दहा कोटींचा तो उंबरठा वर सरकला. फरक ३४ शेअरचा, म्हणजे नव्या भावाने जवळजवळ ३३,६०० रुपयांचा. फार मोठा नाही. पण नोटमध्ये ‘जो भाव कमी असेल तो’ असं लिहिलं आहे आणि तक्ता चुकीचा राहिला तर पुढचं सगळं कॅप टेबल, म्हणजे कोणाकडे किती शेअर याची यादी, चुकतं. तक्ता पाठवून दिला, दोन दिवसांत दुरुस्त होऊन आला.

याच आकड्यांत डिस्काउंटचं खरं काम दिसतं. मार्चमध्ये ‘भरणा झालेले शेअर’ ही व्याख्या तशीच राहिली असती आणि डिस्काउंट नसता, तर भाव ८८८.८९ लागून २,८१२ शेअरवर समाधान मानावं लागलं असतं. डिस्काउंट नव्या भावावरच चालत असल्याने त्याच्यात व्याख्येचा घोळ शिरत नाही. फक्त कॅप देऊन डिस्काउंट काढायचा प्रस्ताव आला तर म्हणूनच सावध राहावं. उलट पूलची वाढ कॅपच्या व्याख्येत घेतली असती तर भाव ६९५.६५ आणि शेअर ३,५९३ झाले असते. कोणती बाजू कशासाठी भांडत होती, ते यावरून कळतं.

न्यू जर्सीच्या नोटला आणखी एक पायरी होती. परदेशी राहणाऱ्याला शेअर देताना भाव रास्त किमतीपेक्षा कमी चालत नाही, आणि ती किंमत सीए किंवा मर्चंट बँकर यांच्या अहवालाने ठरते. अहवाल ७९१ च्या वर गेला असता तर कराराने मिळालेला भाव वापरताच आला नसता. फंड ९८९ देत असताना साध्या शेअरची किंमत त्याहून कमी कशी, याचं उत्तर शेअरच्या प्रकारात आहे. फंडाने सीसीपीएस घेतले, म्हणजे विक्रीच्या वेळी आधी पैसे मिळण्याचा हक्क असलेले शेअर. नोटच्या व्याख्येत मात्र ‘इक्विटी शेअर’ असाच शब्द आहे आणि आम्हाला ते साधे शेअरच मिळाले. त्यामुळे माहितीचा हक्क आणि फंडाने विकताना त्याच्याबरोबर विकण्याचा हक्क आम्ही भागधारक करारात वेगळा मागून घेतला. अहवाल वेळेत आला आणि कमीच भरला. तो हातात येईपर्यंतचे दिवस या सगळ्यात जास्त धाकधुकीचे होते.

१० ऑक्टोबरला पहिला हप्ता आला आणि त्याच दिवशी संचालक मंडळाने शेअर वाटपाचा ठराव केला. प्रत्येकी सुमारे ०.३५ शेअरचा तुकडा उरला, तो करारानुसार खाली पूर्णांकात आणला. कंपनीने शेअर वाटपाची नोंद करणारा पास-३ फॉर्म आणि परदेशी गुंतवणूकदारासाठी रिझर्व्ह बँकेचा एफसी-जीपीआर फॉर्म, दोन्ही ३० दिवसांत भरले. नोटची मूळ प्रत ‘पूर्ण रूपांतरित’ असा शेरा मारून परत दिली. त्याआधी तिची स्कॅन प्रत ठेवली, कारण पुढे शेअर विकताना खरेदीची किंमत आणि तारीख दाखवायला हाच कागद लागेल.

पास-३ मंजूर झाल्यावर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरून वाटपाची यादी उतरवून घेता येते. तिच्यात नाव, शेअरची संख्या आणि भाव ७९१.३० असाच आहे ना, ते पाहावं. वाट्याचा आकडा मात्र दोनदा काढावा लागतो. पहिल्या हप्त्यानंतर वाढीव पूल धरून एकूण शेअर साधारण १,३९,५०० होते आणि आमचा वाटा प्रत्येकी २.२६ टक्के. दुसरा हप्ता आला की एकूण १,५१,६०० च्या पुढे जातात आणि वाटा २.०८ टक्क्यांवर येतो. कंपनीने पाठवलेल्या कॅप टेबलमध्ये यांपैकी कोणता आकडा आहे आणि पूलमधले न वाटलेले शेअर त्यात धरले आहेत का, हे तक्त्याच्या डोक्यावर लिहून मागावं.